पाचशेची प्लेट कागदावर किती?

"सर, ड्रॉइंगवर माप लिहिलेलंच असते ना, मग कापायच्या आधी युनिट अन् स्केल पुन्हा काहून तपासायचं? अन् तपासायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"
(नव्या बॅचमधला एक अप्रेंटिस, पहिल्याच दिवशी)

इकडे या सगळे, कूलरसमोरून उठा. पहिले ही प्लेट हातात घ्या. एकट्याने नको, दोघांनी धरा, चौदा किलो आहे. आता भोकं बघा. तीन भोकं गोल आहेत अन् चौथं इंग्रजी आठसारखं दिसते. ते मी केलं आहे, तुमच्याच वयाचा असताना. अशा आठ प्लेटा होत्या. सात भंगारात गेल्या, ही एक मी मागून घेतली.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माझं अप्रेंटिसशिपचं दुसरं वर्ष चालू होतं. कन्व्हेयरच्या खांबांखाली बसवायच्या बेस प्लेटा करायच्या होत्या. ५०० बाय ३००, जाडी १२ मिमी, चार कोपऱ्यांत एम १६ बोल्टसाठी १८ मिमीची भोकं. साइटवर काँक्रीट झालं होतं, बोल्ट त्यात गाडून पक्के झाले होते. आमच्या हातात ड्रॉइंगची झेरॉक्स होती, अन् झेरॉक्स मशीनच्या काचेवर डाग असला की कागदावर जसा काळा पट्टा येतो, तसा पट्टा नेमका भोकांच्या मापांच्या ओळीवर आला होता. बाहेरचं ५०० दिसत होतं. रुंदीकडची मापंही साफ होती, काठापासून ४० अन् भोकापासून भोक २२०. पण लांबीच्या बाजूला भोक काठापासून किती अन् दोन भोकांमध्ये किती, ते काही वाचता येत नव्हतं.

फोरमन जेवायला गेले होते. कोपऱ्यात लिहिलं होतं, स्केल १:५. मी खिशातून पट्टी काढली, कागदावर भोकाच्या मध्यापासून काठापर्यंत मोजलं तर ७ मिमी आलं. पाच साते पस्तीस. मार्किंग केलं, पंच मारला अन् आठही प्लेटांना भोकं पाडून मोकळा झालो. फोरमन परत आले तेव्हा मी शाबासकीची वाट बघत होतो, हे आठवलं की आजही हसू येते.

आता या ३५ कडे जरा नीट बघा, कारण सगळी गंमत त्यातच आहे. १८ च्या भोकाला काठापासून ३५ म्हणजे दिसायला एकदम शहाणं माप. काठ फाटेल इतकं जवळ नाही अन् विचित्र वाटेल इतकं दूरही नाही. ३५० आलं असतं तर मीच थांबलो असतो. साडेतीन आलं असतं तरी थांबलो असतो. चुकीचं माप जेव्हा बरोबर मापासारखं दिसते, तेव्हा डोळा काही सांगत नाही. खरं माप ५० होतं. दोन भोकांमध्ये ४०० पाहिजे होते, माझ्या प्लेटेत ४३० झाले. साइटवर प्लेट बोल्टवर बसेना, दोन्ही बाजूंना १५-१५ मिमीचा फरक. एका प्लेटेवर बरोबर जागी नवीन भोक पाडून पाहिलं, तर १८ चं भोक अन् मध्यांमधलं अंतर १५, त्यामुळे दोन भोकं एकमेकांत घुसली अन् हा आठ झाला. बाकीच्यांना हात लावला नाही.

चूक कुठे झाली? माझं गणित बरोबर होतं, पट्टी बरोबर होती, कागदावरचं १:५ सुद्धा खोटं नव्हतं. पण ते १:५ ए३ कागदासाठी लिहिलेलं होतं. ए३ चं ड्रॉइंग ए४ वर बसवताना झेरॉक्सवाल्याने ७१ टक्क्यांचं बटण दाबलं. चित्र लहान झालं, आकडे मात्र तेच राहिले, कारण कागद लहान केला म्हणून '१:५' हा मजकूर काही आपोआप १:७ होत नाही. माझ्या हातात खरं तर १:७ चं ड्रॉइंग होतं.

अन् हे मला अर्ध्या मिनिटात कळू शकत होतं. ५०० चं माप तर साफ दिसत होतं ना? स्केल १:५ असेल तर ते कागदावर १०० मिमी भरायला पाहिजे. मी पट्टी लावली असती तर ७१ दिसले असते. ५०० भागिले ७१, उत्तर सात अन् वर थोडं. बस, तिथेच कळलं असतं की हा कागद मूळ आकाराचा नाही.

तर या शेडमधली पहिली सवय ही. ड्रॉइंग हातात आलं की त्यातलं सगळ्यात लांब, साफ वाचता येणारं माप निवडा, कागदावर पट्टीने मोजा अन् लिहिलेल्या आकड्याला मोजलेल्या आकड्याने भागा. जे येईल ते या कागदाचं खरं स्केल. लांब माप एवढ्यासाठी की पट्टी वाचताना अर्ध्या मिमीची चूक कोणाचीही होते. ७१ मध्ये अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही, ७ मध्ये झाला तर उत्तर पार बदलून जाते. मग तेच आडव्या मापावर करा. ३०० चं माप माझ्या कागदावर साडेबेचाळीसच्या आसपास भरलं असतं, तेही सातच्या वर थोडं. दोन्ही दिशांना एकच आकडा आला तर कागद सरळ लहान किंवा मोठा झालेला आहे. उभ्याला सात अन् आडव्याला साडेसहा आलं तर समजा की कोणीतरी मोबाइलने तिरपा फोटो काढून पाठवला आहे, किंवा ड्राफ्ट्समनने माप बदललं अन् चित्र तसंच ठेवलं. असल्या कागदावरून काहीच मोजायचं नाही.

आजकाल झेरॉक्सपेक्षा प्रिंटर जास्त फसवते. पीडीएफ छापताना 'Fit' हा पर्याय निवडलेला राहिला की चित्र जरासं आकसते, समजा ९७ टक्के. मग १०० च्या जागी ९७ दिसतात अन् ते पाहून कोणी म्हणते, पट्टी जरा सरकली असेल. माझ्या प्लेटेचं ५० त्यात साडेअठ्ठेचाळीस झालं असतं. अठराच्या भोकात सोळाचा बोल्ट, म्हणजे सूट एकूण दोन मिमीची. दोन्ही टोकांना दीड-दीड मिमी चुकलं की मधलं अंतर तीनने वाढलं. आठही प्लेटा परत बसल्या नसत्या, फक्त या वेळी थोडक्यासाठी. छापताना 'Actual size' निवडा, अन् तरीही ते लांब माप मोजाच.

आता एकाने विचारायच्या आधी मीच सांगतो, कारण दरवर्षी कोणीतरी विचारतेच. खरं स्केल सात निघालं, मग ७ ला ७ ने गुणून ४९ घेतलं असतं तर? नाही चालत. १:७ च्या कागदावर अर्धा मिमी चुकला की लोखंडावर साडेतीन मिमी चुकते. पेन्सिलच्या रेघेची जाडीच तेवढी असते. कागदावर पट्टी लावायची ती लिहिलेलं माप खरं वाटते का हे बघायला, नसलेलं माप शोधायला नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'डू नॉट स्केल' छापलेलं असते ते यासाठीच. माप गायब असेल तर दुसरा व्ह्यू बघा, दुसरं शीट बघा, बेरीज-वजाबाकीने निघते का बघा. माझ्या फाइलमध्ये पायाच्या ड्रॉइंगवर बोल्टांचं अंतर ४०० असं ठळक लिहिलेलं होतं. ५०० मधून ४०० गेले, उरलेल्याचं अर्धं ५०. ते शीट मी उलटलंच नव्हतं. अन् कुठेच सापडलं नाही तर फोरमनचं जेवण होऊ द्या. वीस मिनिटं थांबलं तर कोणी पगार कापत नाही.

एक शब्दाचा घोळही मिटवून टाकू. आपल्या शेडमध्ये 'स्केल' तीन गोष्टींना म्हणतात. ड्रॉइंगचं प्रमाण ते स्केल, खिशातली स्टीलची पट्टी तीही स्केल, अन् गरम रोलिंग केलेल्या प्लेटेवर जी काळी पापडी असते तीही स्केल. "स्केल बघितलं का?" असं मी ओरडलो तर मागचा पोट्टा पट्टी दाखवेल अन् समोरचा प्लेट घासायला घेईल. म्हणून मी पुढे प्रमाण, पट्टी अन् पापडी असंच म्हणणार. पापडीचाही इथे संबंध आहे. जाडी मोजताना व्हर्नियरचे जबडे तिच्यावर बसले तर माप जास्त येते. काठ जरा ग्राइंड करा, मग मोजा.

जाडीवरून युनिटकडे येऊ. ड्रॉइंगवर बहुतेक वेळा आकड्यापुढे काहीच लिहिलेलं नसते, कारण खाली एका चौकटीत 'ऑल डायमेन्शन्स इन एमएम' असं एकदाच लिहून ठेवतात. झेरॉक्समध्ये ती चौकट कापली गेली की आकडा अनाथ होतो. आपल्या देशात मेट्रिकचा कायदा १९५६ सालीच आला, पण बाजाराच्या तोंडातून इंच अन् सूत अजून गेलेलं नाही. इतवारीच्या लोहा ओळीत जाऊन "चार सूत प्लेट द्या" म्हणा, दुकानदार लगेच देईल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. चार सूत म्हणजे अर्धा इंच, हिशोबाने १२.७. पण तो देईल ती प्लेट असते १२ ची. पाच सूत हिशोबाने १५.८७५, मिळते १६. सहा सूत १९.०५, मिळते २०. म्हणजे कधी कमी, कधी जास्त, अन् दुकानदार फसवत नाही, ते त्याचं बोलीतलं नाव आहे. आपण मात्र नावाला माप समजायचं नाही. माल आला की व्हर्नियर लावा अन् जॉब कार्डवर मिमीत लिहा. पत्र्याच्या गेजचंही तसंच, फक्त तिथे आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे विसरलात तर १६ च्या जागी १८ गेज कापून बसाल.

इंच अन् मिमी यांची अदलाबदल पंचवीस पटीची असते, त्यामुळे ती आपणहून ओरडते. २० इंचाची प्लेट कोणी २० मिमी समजून कापणार नाही. खरी डोकेदुखी आहे ती गोल केलेल्या आकड्यांची. भंडाऱ्याकडच्या एका राइस मिलची जुनी मशीन आमच्याकडे आली होती, तिची मोटर प्लेट बदलायची होती. जुन्या कागदावर प्लेट १६ इंच बाय १० इंच अन् भोकांमधलं अंतर १२ इंच. ज्याने नवीन ड्रॉइंग काढलं त्याने ४००, २५० अन् ३०० असं लिहून टाकलं. बाहेरची मापं गोल केली तर काही बिघडत नाही, प्लेट सहा मिमी कमी भरली तर कोणाचं काय जाते? पण १२ इंच म्हणजे ३०४.८ मिमी. जुन्या मशीनचा सांगाडा नवीन कागद वाचत नाही, त्याची भोकं ३०४.८ वरच राहतात. अर्ध्या इंची बोल्टाला १४ चं भोक, सूट सव्वा मिमी, अन् फरक पावणेपाच मिमीचा. जे माप दुसऱ्या कशावर जाऊन बसते, बोल्टावर, बेअरिंगमध्ये, जुन्या भोकावर, ते गोल करायचं नसते. म्हणून जुन्या मशीनचं काम असलं अन् ड्रॉइंगवर ३००, १५०, ७५ असे गुळगुळीत आकडे दिसले की मला शंका येते. २५.४ ने भागून बघा. ११.८ येते, म्हणजे मूळ १२ असू शकते. मग मशीनवर जाऊन टेप लावा.

टेपवरून आठवलं, टेपच्या एका काठावर इंच असतात, दुसऱ्यावर मोठे आकडे सेंटिमीटरचे. तिथला ३० म्हणजे ड्रॉइंगचा ३००. हुक वाकला असेल तर १० च्या रेघेवरून धरून मोजतात, ठीक आहे, पण मार्किंग करताना ते १० मिळवायला विसरायचं नाही. १०० मिमीने आखूड कापलेल्या पट्ट्या मी दर बॅचमध्ये बघतो.

आता वजन. मघाशी प्लेट दोघांना धरायला लावली ती उगाच नाही. लोखंडाचा एक चौरस मीटर पत्रा, एक मिमी जाड, ७.८५ किलो भरतो. एवढा एकच आकडा पाठ ठेवा. आपली प्लेट ०.५ गुणिले ०.३, म्हणजे ०.१५ चौरस मीटर. गुणिले १२, गुणिले ७.८५, उत्तर १४.१३ किलो. भोकांचे शंभरएक ग्रॅम गेले, तरी चौदाच. ड्रॉइंगच्या यादीत वजनाचा रकाना असतो. तिथे १४ लिहिलं असेल तर लांबी, रुंदी, जाडी अन् युनिट सगळं एका फटक्यात जुळलं. १५ च्या जवळ लिहिलं असेल तर थांबा, कारण १२.७ जाडीने हिशोब केला की १४.९५ येते, म्हणजे काढणाऱ्याच्या मनात अर्धा इंच होता. या तपासणीला मर्यादाही आहे. भोक चुकीच्या जागी आहे हे वजन कधीच सांगणार नाही. माझ्या आठ प्लेटांचं वजन एकदम बरोबर होतं.

शेवटचं, तिकडचं प्लाझ्मा मशीन. तिथे कागद नसतो, डीएक्सएफ फाइल येते, अन् लोकांना वाटते की कॉम्प्युटर आहे म्हणजे माप पक्कं. मशीन आकडा वाचत नाही, रेघ वाचते. डायमेन्शनमध्ये ५०० लिहिलेलं असून रेघ वेगळ्या लांबीची असू शकते. ग्राहकाने ५०० चं ५२० करायला सांगितलं, ड्राफ्ट्समनने घाईत फक्त आकड्यावर ५२० टाइप केलं. छापील कागद ५२० सांगणार, मशीन ५०० कापणार. म्हणून ऑटोकॅडमध्ये फाइल उघडून आधी या दोन गोष्टी टाइप करा.

```
INSUNITS
DIST
```

`INSUNITS` मध्ये `4` दिसलं तर फाइल मिमीची, `1` असेल तर इंचाची, `0` असेल तर कोणी काही ठरवलंच नाही. पण हे फक्त वरचं लेबल आहे, आतला माल वेगळा असू शकतो. खरी तपासणी `DIST` ची. प्लेटेच्या दोन टोकांवर क्लिक करा, ती रेघेची खरी लांबी देते. ५०० आलं तर उत्तम. १९.६८५ आलं तर चित्र इंचात काढलं आहे, आकडे तेवढे मिमीत दाखवले आहेत.

अन् इथेच एक चूक मी स्वतः दोनदा पकडली आहे. १९.६८५ दिसलं की ऑपरेटर म्हणते, "इंचात आहे, पंचवीसने मोठं करतो." २५ ने केलं तर येते ४९२. आठ मिमी आखूड. ४०० चं अंतर होते ३९३.७. स्क्रीनवर प्लेट एकदम प्लेटेसारखी दिसते, कोणाला शंकाही येत नाही. इंच म्हणजे २५.४, तेवढाच, पूर्ण. मोठं केल्यावर पुन्हा `DIST`, एकदा उभ्याला, एकदा भोकापासून भोकापर्यंत.

मग प्रोग्रामची सुरुवात बघा. `G21` म्हणजे मिमी, `G20` म्हणजे इंच. आधीच्या कामाचा `G20` मशीनच्या डोक्यात राहून गेलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक प्रोग्राममध्ये तो शब्द लिहिलेलाच पाहिजे. टॉर्च बंद ठेवून मशीन प्लेटेच्या चारही कोपऱ्यांवर फिरवा, प्रत्येक कोपऱ्यावर खडूची खूण करा अन् टेपने मोजा. खुणा थोड्या बाहेर येतील, कारण कापताना जी फट जळून जाते तिच्या अर्ध्या रुंदीने टॉर्च बाहेरून चालते. दोन-तीन मिमी जास्त दिसले तर घाबरू नका, आठ मिमी कमी दिसले तर बटणाला हात लावू नका.

चला, टेबलावर प्रत्येकाच्या नावाची एकेक झेरॉक्स ठेवली आहे. सगळ्यांवर स्केल १:५ लिहिलेलं आहे, पण मी काही ७१ टक्क्यांवर काढल्या, काही ९७ वर, दोन तिरप्या फोटोच्या आहेत अन् एक खरीच १:५ ची आहे. तुमच्या कागदाचं खरं प्रमाण काढून मागे लिहा. ज्याच्या कागदावरून मोजताच येत नाही त्याने तसं लिहून सही करायची. ते झाल्यावर हॅकसॉ स्टोअरमधून मिळेल. अन् ही प्लेट तिकडे खिळ्याला टांगा, पण भिंतीच्या खिळ्याला नको, अँगलला. चौदा किलो आहे.